स्वगत म्हणजे मनाचा एक्स-रे नव्हे

ओळखीतल्या एका घरी जेवायला गेले होते. जेवणं आटोपली आणि आईने लेकीचा लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. “अगं, तू नाटकांवरच काम करतेस ना? जरा नजर टाक. उद्या रात्रीपर्यंत द्यायचाय.” लेक पंधरा वर्षांची. शाळेत नाटक हा विषय घेतलेला. निबंधाचा विषय असा, की शोकांतिकेत स्वगत आणि रंगसूचना यांतून पात्राच्या मनातला संघर्ष कसा दिसतो ते एका नाटकाच्या आधारे लिहा. नाटक अर्थातच ‘मॅक्बेथ’. इंग्लंडात शाळेत जाणारं मूल घरात असेल, तर तुमच्याकडेही त्याची एखादी प्रत असेलच, आणि शेजारी त्या प्रतीपेक्षा जाड असं गाइडही असेल.

निबंधाचं पहिलं वाक्य इंग्रजीत होतं, त्याचा मराठी मथितार्थ सांगते: स्वगतांतून मॅक्बेथच्या मनातला संघर्ष प्रेक्षकांसमोर उघड होतो आणि रंगसूचना तो अधिक परिणामकारक करतात.

भाषेची चूक एकही नाही. पण या वाक्यात मॅक्बेथच्या जागी हॅम्लेट घाला, ‘एकच प्याला’तला सुधाकर घाला, काहीही बिघडत नाही. ज्या वाक्यातलं नाव बदललं तरी वाक्य तसंच खरं राहतं, ते त्या नाटकाबद्दल काही सांगत नसतं. आणि गंमत म्हणजे तिच्या आईला हे वाक्य फार आवडलं होतं. “कसं प्रोफेशनल वाटतं ना?”

माझं भांडण त्या मुलीशी नाही. तिच्याकडून जे मागितलं गेलं ते तिने दिलं. माझं भांडण तुमच्याशी आहे, म्हणजे आपल्याशी. आपण तासाला चांगले पाऊंड मोजून मुलांना तीन रकाने भरायला शिकवतो: अवतरण, तंत्र, परिणाम. तंत्राच्या रकान्यात ‘स्वगत’, परिणामाच्या रकान्यात ‘अंतर्गत संघर्ष प्रकट होतो’. रकाना भरला की नाटक संपलं. या पद्धतीत दोन गोष्टी सरळसरळ चुकतात. एक, स्वगत म्हणजे पात्राच्या मनाचा एक्स-रे, असं मानलं जातं. दोन, छापील प्रतीत कंसात जे काही दिसेल ते नाटककारानेच लिहिलेलं आहे, असं मानलं जातं. दोन्ही खोटं आहे, आणि खरा संघर्ष नेमका तिथेच सापडतो जिथे या दोन समजुती मोडतात.

पहिल्या अंकातला सातवा प्रवेश घ्या. राजा डंकन मॅक्बेथच्या वाड्यात पाहुणा म्हणून उतरलाय. त्याच रात्री त्याला मारायचा बेत मनात आहे. आता मॅक्बेथ एकटा येतो आणि सुमारे अठ्ठावीस ओळींचं ते प्रसिद्ध स्वगत बोलतो. निबंधात सगळी मुलं इथूनच सुरुवात करतात. पण नाटक तिथून सुरू होत नाही. १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला एकत्रित संग्रह निघाला, त्याला ‘पहिला फोलिओ’ म्हणतात. ‘मॅक्बेथ’ची संहिता आपल्यापर्यंत केवळ त्यातूनच आली. त्यात या प्रवेशाच्या डोक्यावर रंगसूचना आहे: सनईच्या जातीची वाद्यं वाजतात, मशाली येतात, वाढपाचा मुख्य आणि बरेच नोकर ताटं-भांडी घेऊन रंगमंचावरून पलीकडे जातात. मग मॅक्बेथ येतो.

(त्या वाढपाच्या मुख्याला तेव्हाच्या इंग्रजीत जो शब्द होता त्याचा आजचा अर्थ ‘गटार’ असा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने या प्रवेशातल्या गटाराच्या प्रतीकावर दीड पान लिहिलं होतं. अधोगती, घाण, सगळं बरोबर बसवलं होतं. तीन रकान्यांची पद्धत गटारावरही तितकीच चालते, हे त्यामुळे कळलं.)

आता ही सूचना मंचावर काय करते ते बघा. ग्लोबमध्ये प्रयोग भर दुपारी, उघड्यावर होत असत. मशाली आल्या म्हणजे रात्र झाली, हे प्रेक्षकाला कळायचं. ताटं गेली म्हणजे आत पंगत चालू आहे. आणि ज्या घरात पंगत चालू आहे त्या घरचा यजमान बाहेर उभा आहे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. राजासारखा पाहुणा पानावर बसलेला असताना यजमान उठून अंगणात येऊन उभा राहिला, तर आपल्या घरची म्हातारी माणसं काय म्हणतील? मॅक्बेथने अजून तोंड उघडलेलं नाही, पण काहीतरी बिघडलंय हे त्या रिकाम्या झालेल्या मंचाने सांगून टाकलंय. संघर्ष स्वगतातून ‘प्रकट’ होण्याआधीच तो एका वाढपाच्या वरातीने उभा केलाय.

त्यानंतर तो बोलतो. काय बोलतो? सुरुवातीला पाप-पुण्याचा विचारच नाही, चक्क हिशेब आहे. या कृत्याचे परिणाम इथेच संपणार असतील, तर परलोकाची जोखीम पत्करायला हरकत नाही, असं तो म्हणतो. मग म्हणतो, पण इथेही न्याय असतो; आपण रक्तपाताचा धडा घालून दिला की तो उलटून आपल्यावरच येतो, आपण विष कालवलेला पेला आपल्याच ओठांना लागतो. पेला! आत्ताच समोरून ताटं-भांडी गेलीत. वाचताना हा पेला निव्वळ एक रूपक आहे. बघताना तो त्या वरातीतून उचललेला असतो. मग तो नाती मोजतो: मी त्याचा नातलग, मी त्याचा प्रजाजन, आणि मी त्याचा यजमान. मग डंकनचा सौम्यपणा, त्याच्या मृत्यूनंतर उसळणारी करुणा. शेवटी कबुली: मला पुढे ढकलणारं दुसरं काही नाही, फक्त महत्त्वाकांक्षा आहे, आणि ती उडी जास्त घेते आणि पलीकडे पडते.

इथपर्यंत गाइडही येतं. आता जरा हळू वाचा. पहिल्या ओळीत तो खुनाला नाव देत नाही, नुसत्या ‘ते’ने भागवतो. थोड्याच वेळात हत्येसाठी एक भारदस्त, लॅटिनी वळणाचा शब्द वापरतो, दरबारी कागदात शोभावा असा. आणि ‘खुनी’ हा साधा शब्द येतो कुठे? यजमान म्हणून माझं काम काय, हे सांगताना: राजाच्या खुन्यासाठी मी दार बंद करायला हवं. म्हणजे त्याच्या वाक्यात खुनी दाराबाहेर आहे, तो कुणीतरी तिसरा आहे. लगेच पुढे तो स्वतःबद्दल बोलतो, तेव्हा त्याच्या हातात फक्त सुरी असते. एकाच वाक्यात त्याने स्वतःचे दोन तुकडे केले आणि त्यांतल्या एकालाच नाव दिलं. हा एक्स-रे आहे का? एक्स-रेत हाड लपत नाही. इथे माणूस एकटा असूनही स्वतःपासून काहीतरी लपवतोय. स्वगतात पात्र खरं बोलतं, हा नियम कुणी केला मला माहीत नाही. पात्र स्वगतात बहुधा प्रामाणिकपणे बोलायचा प्रयत्न करतं, आणि तो प्रयत्न कुठे अडखळतो ते आपल्याला ऐकू येतं, इतकंच म्हणता येईल.

आणि या प्रवेशातला सर्वांत मोठा पुरावा स्वगताच्या बाहेर आहे. मॅक्बेथचं शेवटचं वाक्य व्याकरणाने पुरं होत नाही. उडी पलीकडे पडते असं तो म्हणतो, पण पलीकडे कुठे, हे राहूनच जातं, आणि फोलिओत तिथेच सूचना आहे: बाईंचा प्रवेश. काही संपादक तिथे एक शब्द घालून वाक्य पुरं करतात. मला ते पटत नाही. बायको आल्यामुळे वाक्य तुटलं, हे नटाला सहज करता येतं आणि त्यात अर्थही आहे. मग तो तिला सांगतो की आपण या प्रकरणात आता पुढे जायचं नाही. कारण काय देतो? राजाने नुकताच माझा मान केलाय, लोकांत माझं नाव झालंय, ही नवी झळाळी इतक्यात टाकून द्यायची नाही.

पुन्हा वाचा. नातलग, प्रजाजन, यजमान यांतलं काही आहे का त्यात? न्याय? करुणा? त्या अठ्ठावीस ओळींतलं एकही कारण तो बायकोसमोर उच्चारत नाही. तिच्यासमोर तो नव्या कपड्यांची काळजी असलेल्या माणसासारखा बोलतो. मग ती त्याच्या मर्दपणाला डिवचते, बेताचा तपशील सांगते, आणि प्रवेश संपायच्या आत तो तयार होतो. साहजिक आहे, जी कारणं भक्कम होती ती त्याने वादात आणलीच नाहीत. निबंधात लिहायची गोष्ट ही आहे. संघर्ष स्वगतात नाही आणि संवादातही नाही. तो या दोघांमधल्या फरकात आहे. एकटा असताना जी कारणं सुचली ती जवळच्या माणसापुढे सांगायची लाज वाटली, किंवा भीती वाटली, किंवा ती आपली आहेत यावर त्याचाच विश्वास नव्हता. यांतलं कोणतं, ते मुलीने ठरवावं आणि पुरावा द्यावा. तिथे तिचं मत लागतं. रकान्यात ते मावत नाही.

आता दुसरा मुद्दा, कंसातल्या शब्दांचा मालक कोण.

आपण मराठी माणसं इथे एका बाबतीत भाग्यवान आहोत आणि त्यामुळेच जास्त फसतो. आपल्या जुन्या छापील नाटकांत पात्राच्या नावापुढे कंसात ‘स्वगत’ असतं, मग ‘उघड’ किंवा ‘प्रकट’ असतं. ही खूण संस्कृत नाटकापासून आलेली: स्वगतम्, प्रकाशम्, आणि मंचावरच्या एकालाच ऐकू जाईल असं बोलायचं तर जनान्तिकम्. हे कोण कुणाशी बोलतंय, ते आपल्याकडे संहितेतच नोंदवलेलं असतं. म्हणून आपण शेक्सपिअरची शालेय प्रत उघडतो, मॅक्बेथच्या ओळीपुढे कंसात ‘बाजूला’ अशा अर्थाची इंग्रजी खूण बघतो, आणि ती देवलांच्या किंवा गडकऱ्यांच्या ‘स्वगत’सारखीच नाटककाराची आहे असं धरून चालतो.

ती त्याची नाही. चेटकिणींचं पहिलं भाकीत खरं ठरल्याची बातमी येते, त्या पहिल्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशात मॅक्बेथ किती वेळा स्वतःशी बोलतो ते आठवा. फोलिओत त्या प्रवेशात अशी खूण एकदाही नाही. त्या नंतरच्या संपादकांनी घातल्या. मूळ छपाईत दिसतं ते असं: मॅक्बेथ दोन पदव्यांचा मनाशी हिशेब करतो, त्याच श्वासात निरोप आणणाऱ्यांचे आभार मानतो, बँकोला काहीतरी विचारतो, पुन्हा आत बुडतो, पुन्हा मध्येच दरबारी सभ्यपणे ‘धन्यवाद मंडळी’ अशा थाटाचं बोलतो. कुठे स्वतःशी बोलणं संपतं आणि कुठे लोकांशी सुरू होतं, याच्या भिंती कागदावर नाहीत. संपादकाने त्या बांधल्या, कारण वाचकाची सोय. सोय खरीच होते, मी संपादकांच्या विरोधात नाही, त्यांच्याच जिवावर माझं पोट चालतं. पण निबंधात मुलीने लिहिलं होतं की ‘बाजूला’ या रंगसूचनेतून शेक्सपिअर मॅक्बेथचं दुभंगलेपण दाखवतो. उलट आहे. शेक्सपिअरच्या छापील पानावर आत आणि बाहेर हे एकमेकांत सांडलेलं आहे. नीटनेटकं वेगळं केलंय ते दुसऱ्याच कुणीतरी.

मग तिथे रंगसूचना नाहीच का? आहे, पण ती कंसात नाही, बँकोच्या तोंडी आहे. तो इतरांना म्हणतो की बघा, आपला सोबती कसा हरवलाय. नटाने काय करायचं ते या वाक्यात आलं: इतका वेळ गप्प, इतका आत, की चारचौघांना दिसावं. शेक्सपिअरच्या बहुतेक सूचना अशा संवादात मुरलेल्या असतात. दुसऱ्या अंकात हवेत खंजीर दिसतो तेव्हा मॅक्बेथ स्वतःचा खंजीर उपसतो. फोलिओत तशी सूचना नाही, तो स्वतःच बोलून दाखवतो. त्या सबंध स्वगतात छापलेली सूचना एकच आहे, शेवटी घंटा वाजते. एवढंच.

आणि खुनानंतर तो बाहेर येतो तेव्हा फोलिओत फक्त मॅक्बेथ येतो एवढंच आहे. तुमच्या घरातल्या प्रतीत बहुधा ‘रक्ताने माखलेले खंजीर घेऊन’ असं काहीतरी असेल. ते संपादकाने मागाहून शोधून काढलं, कारण बऱ्याच ओळींनंतर बायको त्याला विचारते की हे खंजीर तू तिथून आणलेस कशाला. तोपर्यंत काय चाललंय? तो हाताकडे बघून हळहळतो, झोपेत कुणी देवाचं नाव घेतलं आणि आपल्याला ‘आमेन’ म्हणता आलं नाही हे पुन्हापुन्हा सांगतो, आणि खंजीर हातातच आहेत. बेत असा होता की ते झोपलेल्या पहारेकऱ्यांपाशी ठेवायचे. ठेवायला तो विसरला. तिलाही इतका वेळ दिसले नाहीत, किंवा दिसूनही उमगले नाहीत. प्रेक्षकाला मात्र पहिल्या क्षणापासून दिसतायत. इथे स्वगत नाही, तरी आतली घालमेल सगळ्या नाटकात सर्वांत उघडी आहे ती इथे, दोन हातांत. आणि प्रवेशाच्या ओळीतच खंजीर छापले, तर वाचणाऱ्या मुलीला त्या उशिराचा धक्का बसतच नाही.

“पण मावशी,” मुलगी म्हणाली, “मग कंसातलं काहीच वापरायचं नाही का?” प्रश्न रास्त आहे. वापरायचं, पण मालक बघून. बऱ्याच चांगल्या आवृत्त्यांत संपादकाने घातलेल्या सूचना चौकोनी कंसात असतात. तो कंस दिसला की निबंधात ‘शेक्सपिअर दाखवतो’ असं न लिहिता ‘संपादकाने इथे असं सुचवलंय’ असं लिहायचं. शंका असेल तर फोलिओच्या पानांची छायाचित्रं ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येतात. स्पेलिंग विचित्र आहेत, पण रंगसूचना तिरक्या अक्षरांत असल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला त्या पाच मिनिटांत सापडल्या. अर्थात फोलिओ म्हणजेही शेक्सपिअरच्या हातचा कागद नव्हे. तो वारल्यावर सात वर्षांनी हा संग्रह निघाला, आणि त्यातल्या काही सूचना मंडळीत संहिता सांभाळणाऱ्याने घातल्या असू शकतील. तरी त्या त्याच्याच रंगमंचाच्या आहेत, पुढच्या शतकातल्या वाचनालयाच्या नाहीत.

आणि फोलिओतली सूचना कधीकधी किती मोठं काम करते, त्याचं उदाहरण तिसऱ्या अंकातली मेजवानी. सूचना अशी, की बँकोचं भूत येतं आणि मॅक्बेथच्या जागेवर बसतं. खंजिराच्या वेळी कोणतीही सूचना नव्हती. खंजीर फक्त त्याला दिसला आणि आपण बाहेरून त्याला बघत होतो. भुताच्या वेळी सूचना आहे, नट आहे, देह आहे. मंचावरच्या इतर कुणालाही तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. म्हणजे एका ओळीने आपल्याला सरदारांच्या बाकावरून उठवून मॅक्बेथच्या डोक्यात नेऊन बसवलं. शिवाय भूत येतं ते मॅक्बेथला दिसायच्या काही ओळी आधी. तो पाहुण्यांशी गोड बोलतोय, बँको आला नाही म्हणून खंत व्यक्त करतोय, आणि बँको त्याच्या खुर्चीत बसलेला आहे. १६११ मध्ये सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषी-वैद्याने ग्लोबमध्ये हा प्रयोग बघून टिपण करून ठेवलं. त्याच्याही लक्षात राहिलं ते हेच, की मॅक्बेथ बँकोच्या नावाने प्यायला उभा राहिला तेव्हा भूत त्याच्या मागे येऊन खुर्चीत बसलं.

१७९४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये जॉन फिलिप केंबलने भूत काढूनच टाकलं आणि रिकाम्या खुर्चीशी बोलून दाखवलं. पुढेही अनेकांनी तसं केलं. चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवा. पण बदललं काय ते बघा: संवादाचा एक शब्दही न हलवता मॅक्बेथ अपराधी माणसाचा भ्रमिष्ट झाला. आपण पुन्हा सरदारांच्या बाकावर. ‘रंगसूचना परिणाम वाढवतात’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, इथे काय वाढलं? इथे तर सूचनेने आपण कुठून बघायचं तेच ठरवलंय.

यावर पालकांचं उत्तर मला पाठ आहे. “हे सगळं ठीक आहे गं, पण परीक्षेत एवढं कोण विचारतं? सूत्र पाठ असलं की निदान ठरलेले मार्क तरी मिळतात.” मिळतात. आणि या देशात आपल्या मुलांकडून काय अपेक्षा असतात, चुकायची मुभा कुणाला असते आणि कुणाला नसते, हे मलाही कळतं. सुरक्षित वाक्याचं आकर्षण हवेतून आलेलं नाही. पण हा निबंध घरी, पुस्तक समोर उघडं ठेवून लिहायचा होता. इथेही जर आपण मुलीला नाटक न बघता वाक्य लिहायला लावलं, तर आपण तिला सुरक्षित केलं नाही, आपण तिला तिच्या नजरेची गरज नाही असं सांगितलं. आणि तसं सांगताना आपण ज्या तोऱ्यात शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’चं नाव घेतो, मॅक्बेथ आम्ही मराठीत कधीच आणला म्हणतो, तो तोरा निदान त्या संध्याकाळपुरता तरी बाजूला ठेवावा.

मुलीच्या निबंधाचा शेवट पाचव्या अंकातल्या त्या सर्वांना ठाऊक असलेल्या भाषणावर होता, बायको गेल्याची बातमी आल्यावरचं, उद्या आणि उद्या आणि आयुष्याच्या पोकळपणाबद्दलचं. तिने लिहिलं होतं, या अंतिम स्वगतात मॅक्बेथ एकटा पडलेला दिसतो.

मी तिला फक्त प्रवेशाची पहिली ओळ वाचायला सांगितली. तिने वाचली. मॅक्बेथ, सेटन आणि सैनिक येतात, नगारा आणि निशाणं घेऊन.

“म्हणजे सैनिक तिथेच आहेत?”

फोलिओत ते मध्ये कुठेही बाहेर जात नाहीत. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येतो, तीही सूचना आहे. सेटन सांगतो. आणि मॅक्बेथ जे बोलतो ते त्याच्या सैन्यादेखत बोलतो, लढाई तोंडावर असताना. किंवा बोलतो आणि ती माणसं आहेत हेच विसरतो. पहिल्या अंकात ज्याला आपली खरी कारणं एकट्या बायकोपुढेही काढता आली नव्हती, तो आता भाडोत्री शिपायांपुढे आयुष्याला काही अर्थ नाही म्हणतोय, आणि जिच्यापासून लपवायचं होतं ती राहिलेली नाही. लपवायचं कुणापासून?

हे मी तिला सांगितलं नाही. तिचं तिला काय दिसतं ते बघायचं होतं. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. निबंधाचा शेवटचा परिच्छेद तिने काढून टाकला होता आणि त्या जागी एक प्रश्न लिहिला होता, ज्याचं उत्तर तिला अजून सुचत नव्हतं: तो बोलत असताना नगारा ज्याच्या हातात आहे त्या माणसाने कुठे बघायचं?